अंतर न सांगणारे उदाहरण

मंगरुळपीरला पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने सरावाच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला. फोटो जरा तिरका आलेला, पण उदाहरण स्वच्छ वाचता येत होते: एक जण एका गावाहून दुसऱ्या गावी ताशी 40 किमी वेगाने जातो आणि त्याच रस्त्याने ताशी 60 किमी वेगाने परत येतो, तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग काढा. पर्याय चार: 50, 48, 49, 45. तिने 50 वर खूण केली होती आणि शेजारी लिहिले होते, ‘अंतर दिलेलंच नाही, मग सोडवायचं कसं?’

या उदाहरणाचे सारे सौंदर्य त्या न दिलेल्या अंतरात आहे. ही गावे वाशीम आणि कारंजा आहेत, असे समजू. दोन्ही वेळा तोच रस्ता, तेवढेच किलोमीटर. मग सगळा रस्ता पाहायची गरजच काय? त्यातला कोणताही एक किलोमीटर उचलावा. जाताना ताशी 40 ने तो पार करायला दीड मिनिट लागते, येताना ताशी 60 ने एक मिनिट. दोन्ही मिळून दोन किलोमीटरना अडीच मिनिटे, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी सव्वा मिनिट. तासाच्या 60 मिनिटांना सव्वाने भागले की 48 येतात. वाशीमहून मंगरुळपीरपर्यंतच जा नाहीतर थेट कारंज्यापर्यंत, प्रत्येक किलोमीटर हेच सांगणार. अंतर दिले असते तर ते गणितात येऊन पुन्हा कटून गेले असते. उदाहरण रचणाऱ्याने ते आधीच वगळले, हे मला फार आवडले.

आपण बेरीज कशाची केली, ते पाहा. वेगांची नाही, किलोमीटरमागे लागणाऱ्या वेळेची. म्हणजे वेगाच्या व्यस्ताची. व्यस्तांची साधी सरासरी काढून ती पुन्हा उलटी केली की जो मध्य मिळतो, तो हरात्मक मध्य. दोन वेगांसाठी त्याचे सूत्र 2ab/(a+b). मुले ते पाठ करतात. दीड मिनिट आणि एक मिनिट डोळ्यांसमोर असेल तर पाठांतराची गरज उरत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतले झऱ्यांचे उदाहरण याचेच भावंड. चार झरे एकच तळे एकेकटे अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश दिवसात भरतात. प्रत्येकाचे दिवसाचे काम 1, 2, 3 आणि 6 तळी. बेरीज 12, म्हणून सगळे एकत्र सोडले तर एक द्वादशांश दिवसात तळे भरेल. तिथेही वेळा थेट मिळवायच्या नाहीत, आधी उलटायच्या.

आता पर्यायांकडे वळू. 50 सर्वांत आधी ठेवला आहे, कारण तो सर्वांत आधी सुचतो. 49 अधिक कसबी आहे: 40 आणि 60 च्या गुणाकाराचे वर्गमूळ 48.99 येते, म्हणजे अर्धवट आठवणारा गुणोत्तर मध्याकडे वळला तर तिथे अडकतो. 50 मात्र साफ चूक नाही, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तासभर 40 ने आणि तासभर 60 ने गाडी चालवली असती, तर सरासरी 50 च आली असती. इथे अंतर सारखे आहे, वेळ नाही. वेळ 3:2 असा वाटला जातो, हळू चाललेल्या भागाला जास्त वेळ मिळतो आणि तो सरासरीला आपल्याकडे ओढतो.

सूत्राच्या मर्यादाही याच विचारातून कळतात. वाटेत अर्धा तास थांबला आणि तो वेळही धरायचा असेल, तर सूत्र चालणार नाही, अंतर सांगावेच लागेल. तीन समान टप्पे 40, 60, 80 ने गेला, तर आधी 48 काढून त्याचा 80 शी पुन्हा मध्य घेण्याचा मोह होतो आणि 60 हे चुकीचे उत्तर मिळते. खरे उत्तर 720 भागिले 13, साधारण 55.4. पहिले दोन टप्पे मिळून अंतर दुप्पट झाले आहे, हे त्या मोहात विसरले जाते.

मुलीला मी उलटा प्रश्न पाठवला: जाताना 40 च होते, तर एकूण सरासरी 60 यायला परत किती वेगाने यावे? पटकन 80 सुचते. पण ताशी 60 म्हणजे किलोमीटरमागे एक मिनिट, दोन किलोमीटरना दोन. त्यातले दीड जातानाच खर्च झाले, उरले अर्धे. म्हणजे ताशी 120. आणि सरासरी 80 हवी असेल तर? दोन किलोमीटरना दीडच मिनिट मिळते आणि ते सगळे कारंज्याला पोहोचेपर्यंतच संपलेले असते. परतीला कितीही वेगाची गाडी आणली तरी ती सरासरी गाठता येणार नाही.