जेवढा पुरावा, तेवढाच आवाज

25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’मध्ये पान 737 वर जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा एक लेख आहे. जेमतेम नऊशे शब्द आणि एक आकृती. डीएनएचा रेणू कसा असावा, हे त्यात सांगितलं आहे. नोबेलपर्यंत नेणारा लेख म्हणून त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तो वाचणारे थोडे. मला तो लिखाणाचा एक दुर्मीळ नमुना वाटतो. लेखकाला किती ठाऊक आहे आणि तो ते किती ठामपणे सांगतो आहे, या दोन गोष्टी या लेखात वाक्यागणिक जुळवलेल्या दिसतात. एके ठिकाणी मात्र त्या जुळत नाहीत, आणि ती जागाही तेवढीच वाचण्यासारखी आहे.

पहिल्याच वाक्यात लेखक म्हणतात की, डीएनएच्या क्षारासाठी आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. ‘शोधली’ किंवा ‘सिद्ध केली’ असा दावा कुठेही नाही. हा निव्वळ विनय आहे असं वाटेल, पण तसं नाही. त्यांनी स्वतः डीएनएच्या रचनेवर एकही प्रयोग केलेला नव्हता. धातूचे पत्रे आणि तारा जोडून त्यांनी एक प्रतिकृती उभी केली होती आणि ती रसायनशास्त्राच्या नियमांत बसते का, हे पाहिलं होतं. अशा कामाला ‘सुचवणे’ हेच क्रियापद शोभतं.

पण पुढच्याच परिच्छेदात आवाज चढतो. त्याआधी काहीच आठवडे लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी डीएनएची तीन साखळ्यांची रचना मांडली होती. पॉलिंग म्हणजे त्या काळातले रसायनशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. वॉटसन तेव्हा 25 वर्षांचे होते आणि क्रिक यांची डॉक्टरेट अजून पूर्ण व्हायची होती. तरीही आमच्या मते ही रचना समाधानकारक नाही, असं ते सरळ लिहितात आणि लगेच दोन कारणं देतात. त्यातलं पहिलं कारण मोठं आहे. पॉलिंग यांनी फॉस्फेटचे गट रेणूच्या गाभ्यात ठेवले होते आणि ते हायड्रोजनच्या आधारे एकमेकांना धरून राहतील असं मानलं होतं. क्ष-किरणांची चित्रं ज्या पदार्थाची घेतली जातात, तो क्षार असतो. त्यात ते हायड्रोजन नसतातच. उरतात ते ऋणभारित फॉस्फेट, आणि ते एकमेकांना दूर लोटणार. मग रचना टिकणार कशाच्या जोरावर? दुसरं कारण अणूंमधल्या अंतरांचं आहे. तिथे लेखक आवाज थोडा खाली आणतात. काही अंतरं फारच कमी दिसतात, एवढंच ते म्हणतात. नकार एकच असला तरी त्याच्या दोन आधारांना दोन वेगळी वजनं दिलेली आहेत.

इथे पॉलिंग यांच्या लेखाकडे वळून पाहायला हवं, कारण त्यामुळे एक सोयीचा समज मोडतो. पॉलिंग गर्वाने बोलले म्हणून चुकले, असं सांगितलं जातं. पण त्यांच्या लेखातही सावधगिरीचं वाक्य आहे. ही रचना बरोबर असल्याचं सिद्ध झालं असं मानता येणार नाही, हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. म्हणजे ‘सिद्ध नाही’ अशी कबुली दोन्ही लेखांत आहे. फरक तिच्या जागेत आहे. पॉलिंग यांची शंका क्ष-किरणांच्या तपशीलवार हिशोबाबद्दल होती, तो अजून व्हायचा होता. खरा धोका गाभ्यातल्या हायड्रोजनचा होता आणि त्यावर लेखात शंकेची पुसटशी छायाही नाही. लेखाच्या शेवटी एक सर्वसाधारण कबुली जोडली की आतल्या प्रत्येक विधानाचा हिशोब चुकता होतो, असं नाही. मसुदा तपासताना मी सावधगिरीची वाक्यं मोजत बसत नाही. इमारत कोणत्या खांबावर उभी आहे ते शोधतो, आणि त्या खांबाशेजारी काय लिहिलंय ते पाहतो.

वॉटसन आणि क्रिक यांचा खांब म्हणजे बेसच्या जोड्या. दोन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या आहेत आणि मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे बेस जोडीजोडीने बसले आहेत. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. ही जोडी जमायला एक अट आहे. या बेसमधले काही हायड्रोजन अणू दोन वेगवेगळ्या ठिकाणी बसू शकतात आणि त्यानुसार बेसचं रूप बदलतं. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा चुकीचं रूप छापलेलं असे. ते वॉटसनच्या लक्षात आणून दिलं त्यांच्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनह्यू यांनी, आणि लेखाच्या शेवटी त्यांचे आभार आहेत. डोनह्यू यांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता मोठी होती, पण डीएनएमध्ये तेच रूप असतं हे कुणी मोजून दाखवलेलं नव्हतं.

आता लेखातली वाक्यं पाहा. बेस त्यांच्या सर्वांत संभाव्य रूपातच असतात असं गृहीत धरलं तर, असं वाक्य सुरू होतं. मग निष्कर्ष येतो की, ठरावीक जोड्याच जुळू शकतात. पुढे ते म्हणतात, या गृहीतकांवर, एका बाजूला अ‍ॅडेनीन असेल तर दुसऱ्या बाजूला थायमीनच असलं पाहिजे. ‘असावं’ नाही, ‘असलं पाहिजे’. अट मोकळेपणाने सांगितली आणि ती एकदा सांगितल्यावर तिच्या आतला युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडला. कच्चा लेखक नेमकं उलट करतो. तो गृहीतक लपवतो आणि मग प्रत्येक निष्कर्षाला ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘काही अंशी’ अशा कुबड्या देतो. वाचकाला कळतच नाही की शंका नेमकी कशाची आहे. इथे वाचकाच्या हातात सरळ किल्ली दिली आहे. गृहीतक मोडलं तर सगळं मोडेल, आणि ते टिकलं तर निष्कर्ष टाळता येणार नाही.

त्यानंतर लगेच प्रयोगाचा आधार येतो. डीएनएमध्ये अ‍ॅडेनीन आणि थायमीनचं प्रमाण जवळजवळ सारखं असतं आणि ग्वानीन व सायटोसीनचंही तसंच. हे एर्विन चारगाफ आणि इतरांनी मोजलेलं होतं, म्हणून इथे कसलीही आडवळणं नाहीत. पण साखळीतले लगतचे दोन घटक एकमेकांशी 36 अंशांचा कोन करतात, हे सांगताना ‘आम्ही असं गृहीत धरलं आहे’ असं क्रियापद पुन्हा हजर होतं. मोजलेलं आणि मानलेलं यांची सरमिसळ या लेखात कुठे होत नाही.

मग येतो तो परिच्छेद, जो मला सगळ्यांत धाडसी वाटतो. छापून आलेली क्ष-किरणांची माहिती आमच्या रचनेची काटेकोर परीक्षा घ्यायला पुरेशी नाही. आम्हाला दिसतं तिथवर रचना तिच्याशी ढोबळमानाने जुळते. पण अधिक अचूक निष्कर्षांशी ताडून पाहीपर्यंत ती असिद्धच मानली पाहिजे. तीन पायऱ्यांत काय आहे, काय नाही आणि काय झालं तर प्रश्न सुटेल, हे सांगून झालं. अनिश्चितता सांगण्याची ही रीत अनुकरण करण्याजोगी आहे. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ अशा पोकळ वाक्याने कुणाचंच काही अडत नाही. इथे मात्र कोणता पुरावा अपुरा आहे, त्याचं नाव घेतलं आहे.

पण याच परिच्छेदाच्या शेवटी लेख घसरतो. पुढच्या पानांवर छापलेल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या निष्कर्षांचे तपशील रचना तयार करताना आम्हाला ठाऊक नव्हते, असं तिथे लिहिलं आहे. आभाराच्या ओळींत अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची कल्पना असल्याचं म्हटलं आहे. वस्तुस्थिती याहून बरीच पुढची होती. किंग्ज कॉलेजमधल्याच मॉरिस विल्किन्स यांनी जानेवारी 1953 मध्ये वॉटसनना रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतलं, आज ‘फोटो 51’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र दाखवलं होतं. फेब्रुवारीत मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत फ्रँकलिन यांची मोजमापं असलेला अहवालही हाती आला होता. दोन साखळ्या विरुद्ध दिशांना धावतात, हे क्रिक यांनी त्याच अहवालातल्या माहितीवरून ओळखलं. इतरत्र अनिश्चितता उघड करणारी संदिग्धता इथे पडदा म्हणून वापरली आहे. रेणूबद्दल जे ठाऊक नव्हतं ते त्यांनी काटेकोरपणे सांगितलं. जे पुरतं ठाऊक होतं, म्हणजे आपल्याला काय मिळालं आणि कुणाकडून, ते धूसर ठेवलं. माझ्या मते हा दोष शैलीचा नाही, सचोटीचा आहे, आणि लेखाची थोरवी त्याला झाकू शकत नाही.

लेखात एक विधान पुढे चुकीचंही ठरलं. डीऑक्सिरायबोजच्या जागी रायबोज साखर घातली, तर अशी रचना करणं बहुधा अशक्य आहे, असं त्यांनी म्हटलं होतं. कारण जादा ऑक्सिजन अणूला जागा पुरणार नाही. रायबोज ही आरएनएची साखर. 1956 मध्ये अलेक्झांडर रिच आणि डेव्हिड डेव्हिस यांनी आरएनएच्या साखळ्याही दुहेरी मळसूत्रात वळतात हे दाखवलं. वळण थोडं वेगळं असतं, एवढंच. चूक झालीच, पण ‘बहुधा’ या एका शब्दामुळे आणि सोबत दिलेल्या कारणामुळे ती तपासता येण्याजोगी राहिली. नेमका कोणता अणू आड येतो ते सांगितलं होतं, म्हणून तो कसा आड येत नाही हे दाखवता आलं.

आता ते प्रसिद्ध वाक्य. आम्ही सुचवलेल्या जोड्यांवरून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक संभाव्य रीत लगेच सुचते, आणि हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही, अशा अर्थाचं ते आहे. बरेच जण या वाक्याला मुरकणं म्हणतात. क्रिक यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की, ती दोघांमधली तडजोड होती. क्रिकना जनुकीय परिणामांची चर्चा हवी होती, वॉटसनना रचनाच चुकीची निघण्याची भीती अधूनमधून वाटत होती. शेवटी एका वाक्यावर भागवलं, नाहीतर यांना ते दिसलंच नाही असं लोक म्हणाले असते. या वाक्याचं माप मला अचूक वाटतं. जोड्यांवरून नक्कल सुचते, हे तर्काने अटळ होतं. पेशीत ती तशी होते याचा पुरावा शून्य होता. म्हणून ‘सुचते’ हे ठाम आहे आणि ‘संभाव्य’ हे राखलेलं आहे.

पाच आठवड्यांनी, 30 मे 1953 ला, त्याच नियतकालिकात त्यांनी दुसरा लेख लिहिला आणि नकलेची कल्पना सविस्तर मांडली. तिथे वळलेल्या साखळ्या सुटणार कशा, ही अडचण त्यांनी स्वतःच पुढे केली आणि सगळी योजना अंदाजावर उभी आहे असंही नोंदवलं. त्या अंदाजाला पक्का पुरावा मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी 1958 मध्ये दिला. जड नायट्रोजन वापरून केलेल्या त्यांच्या प्रयोगात प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी आणि एक नवी असते, हे दिसून आलं.