खलपात्राचे पूर्ववृत्त आणि सहानुभूती : मणी-मल्लापासून हस्तरपर्यंत

अद्भुतकथेतील खलपात्राविषयी वाचकाला आपुलकी वाटू लागली की तिचे श्रेय सहसा त्या पात्राच्या दुःखी भूतकाळाला दिले जाते. कथेतील प्रत्यक्ष घटनांच्या आधी पात्राच्या आयुष्यात जे घडून गेले, त्याला येथे पूर्ववृत्त म्हटले आहे. पूर्ववृत्त सांगितले की सहानुभूती आपोआप निर्माण होते, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे, आणि त्यासाठी लागणारा उत्तम पुरावा मराठी परंपरेतच सापडतो.

जालना जिल्ह्यासह मराठवाड्यात खंडोबाच्या जागरणातून वाघ्या-मुरळी ज्या मणी आणि मल्ल या दैत्यबंधूंची कथा गातात, त्या दोघांचे पूर्ववृत्त एकच आहे. दोघांनाही ब्रह्मदेवाच्या वराने बळ मिळाले, त्या बळाच्या मदाने दोघांनीही ऋषींना छळले आणि दोघेही मार्तंडभैरवाकडून मारले गेले. तरीही मृत्यूच्या क्षणी मणी शरण आला, त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि खंडोबाच्या देवळात आपल्यालाही स्थान मिळावे असे मागणे मागितले, म्हणून त्याची मूर्ती पूजेला लागली. उलट मल्लाचे शिर, प्रचलित कथेनुसार, भक्तांच्या पायाखाली पायरीवर आले. काही कथांमध्ये मल्लही शरण येतो, परंतु जेथे दोघांचे शेवट वेगळे होतात तेथे एक गोष्ट स्पष्ट दिसते : सारख्या भूतकाळातून दोन वेगळे भाव निर्माण होऊ शकतात, कारण त्या भूतकाळासमोर उभे राहून पात्र कोणती निवड करते यावर सहानुभूती ठरते.

ही निवड दिसण्यासाठी पूर्ववृत्त वर्तमानातील घटनांत कार्यरत असावे लागते. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तुंबाड’ (2018) या हिंदी चित्रपटाचे कथानक कोकणातील तुंबाड आणि पुणे येथे घडते, आणि त्यात हे तंत्र फार काटेकोरपणे वापरलेले आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला आणि लाडका पुत्र हस्तर याने सगळे सोने मिळवले. पुढे धान्याकडे हात वळवताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला, आणि त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर आईने त्याला आपल्या गर्भात दडवून वाचवले. ही कथा आरंभीच, चित्रपटाचा नायक विनायक आपल्या मुलाला सांगतो त्या पद्धतीने येते. तिच्यातील धान्याची न भागलेली भूक ही पुढे साऱ्या कथानकाची कळ ठरते, कारण विनायक कणकेची बाहुली पुढे करतो, हस्तर तिच्यावर तुटून पडतो आणि तेवढ्या अवधीत विनायक त्याच्या लंगोटातील सोन्याची नाणी काढून घेतो. हस्तर भयंकर आहे, त्याने धरलेला माणूस मरणही न येता कुजत राहतो. तरी हा राक्षस सोन्यावर बसूनही उपाशी आहे आणि त्याच उपासाचा फायदा घेऊन माणूस त्याला लुटतो, हे प्रत्येक प्रसंगात नव्याने दिसत असल्यामुळे प्रेक्षकाच्या भीतीत करुणा मिसळते.

याच चित्रपटात विनायकाच्या पूर्ववृत्ताने नेमका उलटा परिणाम साधला आहे. 1918च्या पहिल्या भागात तो एका दरिद्री विधवेचा मुलगा आहे, त्याचा लहान भाऊ अपघातात दगावतो, आणि त्याला सोने हवेसे वाटते यात प्रेक्षकाला काही गैर दिसत नाही. पुढे 1933 मध्ये मात्र दारिद्र्य मागे पडूनही त्याची हाव थांबत नाही; म्हणजे ज्या कारणामुळे त्याच्याविषयी सहानुभूती वाटत होती ते कारण संपते, कृती मात्र तशीच चालू राहते. 1947च्या शेवटच्या भागात संपूर्ण लंगोटच मिळवण्यासाठी अनेक बाहुल्या नेल्या जातात, त्यामुळे अनेक हस्तर प्रकट होतात, आणि मुलगा पांडुरंग वाचावा म्हणून विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो. या एका निवडीने गमावलेली सहानुभूती काही अंशी परत येते. पण पुढे तोच लंगोट तो मुलापुढे धरतो आणि पांडुरंग तो नाकारतो, म्हणून बापाविषयीची कणव त्याच्या हावेची सबब ठरत नाही.

अद्भुत लेखनात या तंत्राचा बिघाड कोठे होतो हेही यावरून ओळखता येते. क्रूर पात्राला शेवटाकडे अनाथपण किंवा अपमान जोडला जातो, परंतु त्या दुःखाचा पात्राच्या डावपेचांशी, भीतीशी वा चुकांशी काहीही संबंध नसतो. अशा वेळी वाचकाला माहिती मिळते, कणव वाटत नाही. दुसरा दोष याहून गंभीर आहे : पूर्ववृत्ताच्या भारामुळे पात्राने ज्यांना इजा केली त्यांचे दुःख कथेतून गळून जाते आणि समजून घेणे व माफ करणे यांतील अंतर पुसले जाते. म्हणून खलपात्राचे पूर्ववृत्त वगळून कथा वाचून पाहावी. तिच्या घटना जशाच्या तशा घडू शकत असतील, तर ते पूर्ववृत्त केवळ चिकटवलेले आहे. हस्तरची भूक वगळली तर मात्र ‘तुंबाड’मधील एकही चोरी शक्य होत नाही.