खूण न दिसणारा दंश

रोवणीच्या दिवसांत दवनीवाड्याच्या बांध्यांत माणसं दिवसभर वाकलेली असतात आणि रात्री थकून जमिनीवरच अंथरूण टाकतात. अशा वाचकांसाठी छापलेलं सर्पदंशाचं एक पानी पत्रक माझ्यापुढे आहे.

त्यातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: ‘खूण नाही, सूज नाही, पण पहाटे पोट दुखून जाग आली आणि पापण्या जड झाल्या, तरी साप चावला असं समजा.’ ही मण्यारची ओळख आहे. ती बहुतेकदा रात्री, झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. विष नसांवर काम करतं, त्यामुळे आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. सूज शोधत बसलेलं घर इथेच फसतं आणि सकाळपर्यंत वाट बघतं. लिहिणाऱ्याने रोगाचं नाव न घेता झोपलेल्या माणसाला जे जाणवेल तेच लिहिलं, म्हणून हे वाक्य खरंही आहे आणि कळणारंही.

त्याखालच्या दोन ओळी मात्र एकमेकींत अडकतात. एक म्हणते, ‘दोरी बांधू नका.’ दुसरी म्हणते, ‘पाय फळीला बांधा.’ दोन्ही सूचना बरोबर आहेत. आवळून बांधल्याने रक्त थांबतं आणि पाय निकामी होऊ शकतो, तर फळीचा आधार पाय हलू नये म्हणून असतो. पण कोणी मोठ्याने वाचून दाखवलं, तर कानात फक्त ‘बांधा’ राहतं. पहिली ओळ ‘दोरीने आवळू नका’ आणि दुसरी ‘पायाला फळी लावून कापड सैल गुंडाळा’ अशी हवी होती.

विषारी सापांच्या चित्रांची चौकट मी काढूनच टाकली असती. ती पाहून लोक साप शोधायला निघतात, त्यात वेळ जातो आणि दुसरा दंशही होऊ शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात आणि डॉक्टर लक्षणं पाहून ते देतात. मेलेला साप सोबत नेण्याची गरज नसते.

सगळ्यात कच्ची आहे ती शेवटची ओळ: ‘त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.’ कुठे, कशाने? १०८ हा आकडा तळाशी, मान्यवरांच्या नावांखाली बारीक अक्षरांत आहे. त्याची जागा सगळ्यात वर आहे. त्याच्या शेजारी प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव लिहायला मोकळी जागा हवी, म्हणजे आशाताई ते हाताने भरतील.

पत्रकं छापणाऱ्यांना माझी विनंती आहे. छपाईआधी मजकूर रोवणीला जाणाऱ्या एखाद्या बाईला वाचून दाखवा आणि विचारा, ‘रात्री तीनला पापण्या जड झाल्या तर आधी काय कराल?’ तिच्या उत्तरात १०८ आला नाही, तर कागद परत लिहा.