सुपा, जोयडा आणि अवतरणचिन्हं : कॅसलरॉकवरच्या एका निबंधाची तपासणी

मंडळाकडे मध्यंतरी कॅसलरॉक स्थानकावर एक निबंध आला. लेखक आमचे जुने सभासद. माणूस कष्टाळू, कॅसलरॉक ते कुळे हा सगळा ब्रागांझा घाट पायाखाली घातलेला. निबंध वाचायला छान होता. मुद्रितशोधनाचं काम माझ्याकडे आलं. शुद्धलेखन बघायचं, तळटीपांचे आकडे जुळतात का ते बघायचं, एवढंच अपेक्षित होतं. मी मात्र जुन्या सवयीने एक जास्तीचं काम केलं. निबंधात अवतरणचिन्हांत जेवढे उतारे होते, तेवढे मूळ ग्रंथ समोर ठेवून शब्द शब्द ताडून पाहिले. त्यात जे सापडलं ते एकट्या या निबंधाचं दुखणं नाही. आपल्या संकेतस्थळावरच्या बऱ्याच लेखांचं, माझ्या स्वतःच्याही दोन जुन्या लेखांचं आहे. म्हणून लेखकाची परवानगी घेऊन, नाव न घालता, इथे मांडतो.

निबंधाचा कणा असलेलं विधान असं होतं, की रेल्वे येण्याआधीच कॅसलरॉक ही नांदती वस्ती होती. त्याला आधार म्हणून 1883 सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला, म्हणजे कॅम्पबेलसाहेबांनी संपादित केलेल्या कानडा जिल्ह्याच्या पंधराव्या खंडातला, एक उतारा दिला होता. उताऱ्यात दोन वाक्यं होती. पहिलं वाक्य सुपा तालुक्याच्या जंगलाबद्दल. दुसऱ्यात कॅसलरॉक स्थानक, तिथला जकात नाका आणि मुरगावहून येणारी गाडी यांचं वर्णन, तेही सगळं घडून गेल्यासारखं.

इथेच मला ठेच लागली. मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारी ही लाइन 1878 सालच्या ब्रिटिश-पोर्तुगीज कराराचं फळ. तो करार झाला 26 डिसेंबर 1878 रोजी. लाइन बांधणारी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी 1881 साली उभी राहिली, आणि कॅसलरॉकपर्यंत गाडी सुरू झाली ती 1888 साली. मग 1883 साली छापलेल्या ग्रंथात ती गाडी कॅसलरॉकला पोचलीच कशी? मूळ पान उघडायच्या आधीच, नुसत्या सनावळीवरून, हे दुसरं वाक्य तिथलं नाही हे कळत होतं. उतारा तपासताना मी पहिली चाचणी हीच लावतो. ग्रंथ छापला त्या दिवशी हे वाक्य लिहिणं शक्य होतं का? याला काही खर्च लागत नाही.

मूळ खंडात पाहिलं. पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं. मग लेखकाला फोन केला. ते म्हणाले, "अहो, मी गॅझेटियर कुठे पाहिलंय? एका पुस्तकात उतारा होता, खाली टीप होती, ती घेतली." ते पुस्तक मागवून घेतलं तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या पुस्तकाच्या लेखकाने गॅझेटियरचं एक वाक्य दिलं होतं आणि त्याला लागूनच स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं. तळटीपेचा आकडा मात्र दोन्हींच्या शेवटी पडला होता, आणि छपाईत मिटतं अवतरणचिन्ह गळालं होतं. आमच्या लेखकाने दोन्ही वाक्यं गॅझेटियरची समजून उचलली. त्यांनी खोटं काही केलं नाही. पण 1883 चा म्हणून दिलेला साक्षीदार प्रत्यक्षात शंभर वर्षांनंतरचा निघाला, आणि रेल्वेआधीच्या वस्तीचा त्यांचा मुख्य पुरावा गेला. वस्ती नव्हती असं यातून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. एवढंच, की या उताऱ्यावरून ती होती असं म्हणता येत नाही.

यात आणखी एक भर म्हणजे नुसतं 'गॅझेटियर' लिहायची आपली सवय. उत्तर कन्नडसाठी किमान तीन वेगळी गॅझेटियरं हाताशी येतात. एक हे 1883 चं. दुसरं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं इंपीरियल गॅझेटियर. तिसरं स्वातंत्र्यानंतर कर्नाटक सरकारने काढलेलं. पहिलं रेल्वेच्या आधीचं, बाकीची दोन नंतरची. नाव, खंड आणि साल लिहिलं नाही तर वाचकाला हा फरक कळायला मार्गच उरत नाही.

दुसरा दोष वरवर किरकोळ वाटतो. मूळ इंग्रजी उताऱ्यांत जिथे जिथे सुपा होतं, तिथे निबंधात जोयडा झालं होतं. लेखकाचं म्हणणं, "आजच्या वाचकाला कळावं म्हणून बदललं." हेतू चांगला. पण सुपा हे जुन्या तालुक्याचं नाव होतं, तसंच काळी नदीकाठच्या एका गावाचंही होतं. ते गाव 1980 च्या दशकात सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालू लागला. तालुक्याच्या अर्थी सुपा असेल तिथे जोयडा लिहून फार बिघडत नाही. पण गावाच्या अर्थी असेल तिथे? निबंधात एक अंतर दिलं होतं, मूळात ते सुपा गावापासूनचं. नाव बदललं तेव्हा तेच अंतर जोयडा गावापासूनचं झालं, आणि जोयडा तर वेगळ्याच जागी आहे. वर मैलांचे किलोमीटर केले होते, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत! मूळ लेखकाने 'सुमारे' म्हणून अंदाजाने सांगितलेले मैल. त्यांना आपण मीटरच्या नेमकेपणाने कसं लिहिणार? तीस वर्षं साइटवर मोजमापं केलेल्या माणसाला हे बघवत नाही. नाव आणि माप अवतरणात मूळचंच ठेवावं. आजचं नाव, आजचं माप खाली टीपेत द्यावं.

हाच दोष आम्ही मुद्रितशोधकही करतो, हे कबूल करायला हवं. 1962 सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचा मराठी मजकूर असला, की आमचा हात आपोआप 'नाहीं'वरचं टिंब पुसतो आणि 'केलें'चं 'केले' करतो. लेखकाने बरोबर उतरवलेलं आम्हीच बिघडवतो. अवतरणात शिरलं की शोधकाने शुद्धलेखन विसरायचं आणि फक्त मूळाशी जुळतंय का एवढंच बघायचं. मूळात छापखान्याची चूक असली तरी ती तशीच ठेवायची आणि टीपेत सांगायचं.

तिसरा दोष सगळ्यात अवघड, कारण आपण मराठीत लिहितो आणि या भागाची बरीचशी साधनं इंग्रजी नाहीतर पोर्तुगीज आहेत. निबंधात मराठी वाक्यं अवतरणचिन्हांत होती आणि खाली इंग्रजी ग्रंथाची टीप. ती वाक्यं कॅम्पबेलची नव्हेत, आमच्या लेखकाची. ती शब्दशः ताडायची कशाशी? मी ताडली, आणि दोन शब्दांवर अडखळलो. त्या गॅझेटियर मालिकेत तालुक्याला 'सब-डिव्हिजन' म्हटलेलं आहे. निबंधात त्याचं 'उपविभाग' झालं. आज उपविभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रांताधिकाऱ्याची हद्द येते, ज्यात अनेक तालुके असतात. दुसरा शब्द 'घाट्स'. इंग्रजीत तो अख्ख्या सह्याद्रीच्या रांगेला लावतात, मराठीत घाट म्हणजे चढउताराची वाट. 'घाट्सच्या वर' याचं 'घाटात' असं भाषांतर झालं, आणि माथ्यावरचं ठिकाण निबंधात वाटेत मध्येच लटकलं.

यावर लेखक थोडे वैतागले. "आशय तोच आहे ना?" मी म्हटलं, "आशय असेल तर अवतरणचिन्ह काढा, 'अमुक ग्रंथात असं म्हटलं आहे' एवढं लिहा. चिन्ह ठेवायचं असेल तर भाषांतर तुमचं आहे हे सांगा, आणि ज्या शब्दावर तुमचा मुद्दा उभा आहे तो मूळ शब्द टीपेत द्या." ते त्यांना पटलं.

आता तपासायची रीत. मूळ पानाचं छायाचित्र समोर हवं, नुसता शोधून आलेला मजकूर चालत नाही. 1883 च्या खंडात दीर्घ आ दाखवायला á वर रेघ दिलेली आहे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात त्या á चा पुष्कळदा d होतो, म्हणून Supá शोधलं तर काही मिळत नाही आणि Supd शोधलं की पानं उघडतात. हाच मजकूर कॉपी केला तर d सकट लेखात येतो, किंवा कुणीतरी तो अंदाजाने दुरुस्त करतो.

पान मिळालं की काम दोघांचं. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आणि आकडे उच्चारून. दुसऱ्याने लेखावर बोट ठेवायचं. एकट्याने वाचलं की डोळा ओळखीचा शब्द भरून घेतो. आम्ही बिलं तपासायचो ती अशीच. माझ्या घरी हे काम बायको करते, आणि तिला इतिहासात रस नाही हा तिचा मोठाच गुण, कारण ती अर्थ लावत बसत नाही. उतारा जुळला की त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य वाचायचं. लेखकाने तीन टिंबं देऊन काही गाळलं असेल तर गाळलेलं वाचायचं. 'पण' किंवा 'असं म्हणतात' हे शब्द बहुधा तिथेच राहिलेले असतात. शेवटी ग्रंथाचं शुद्धिपत्र असेल तर तेही बघायचं.

एक मर्यादा मात्र आहे. उतारा अक्षरशः जुळला म्हणून त्यातली माहिती खरी ठरत नाही. गॅझेटियरही अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या टिपणांवरून जमवलेलं आहे. ताडून पाहण्याने एवढंच कळतं, की साक्षीदार हेच बोलला. तो खरं बोलला का, हा पुढचा प्रश्न.

निबंध येत्या अंकात येतो आहे. रेल्वेआधीच्या वस्तीचं विधान लेखकाने स्वतःहून काढलं आणि त्या जागी प्रश्न म्हणून ठेवलं. सुपा परत आलं, मैल परत आले. माझ्या दोन जुन्या लेखांतले उतारे मी आता काढून बसलो आहे. पहिल्याच पानावर एक 'जोयडा' सापडलं आहे. ते दुरुस्त करून, केव्हा आणि का बदललं ते लेखाखाली लिहून ठेवतो.