एक आडनाव, दोन तडवी

नंदुरबारकडच्या एका तरुण कथाकाराने आपली कथा हस्तलिखित स्वरूपात वाचायला दिली. कथेला अजून शीर्षक नाही आणि लेखकाच्या इच्छेनुसार त्याचे नावही येथे देत नाही. विषय मात्र असा आहे की, त्यावर छापून येण्याआधीच बोलणे त्याच्याही आणि आपल्याही उपयोगाचे ठरावे.

तळोदा तालुक्यातील एका आश्रमशाळेत दोन शिक्षक आहेत. एक धडगावकडचा, दुसरा जळगाव जिल्ह्यातील यावलकडचा. दोघांचेही आडनाव तडवी. हजेरीपटावर दोघांची नावे एकाखाली एक येतात आणि त्यातूनच दोस्ती जमते. लेखकाने दोघांना पहिले नाव दिलेलेच नाही. ही युक्ती नसून कथेची गरज आहे, कारण भांडण आडनावावरूनच होणार आहे.

निमित्त साधे आहे. दोघांच्याही मुलांना जमातीचा दाखला काढायचा असतो. धडगावच्या तडवीला कारकून विचारतो, ‘तडवी म्हणजे तुम्ही मुसलमान ना?’ यावलच्या तडवीला दुसऱ्या टेबलावर विचारले जाते, ‘मुसलमान आहात, मग आदिवासी कसे?’ शब्द एकच, पण त्याने दोघांना दोन वेगवेगळ्या दारांत अडवले. परतीच्या एस.टी.त दोघे एकमेकांवर चिडतात. एक म्हणतो, तुमच्या लोकांनी आमचा शब्द नेला. दुसरा म्हणतो, शब्द तुमचा होता तर दाखल्यावर नुसतं ‘भिल्ल’ का लिहिता?

या भांडणामागे खरा इतिहास आहे आणि लेखकाला तो ठाऊक आहे. सातपुड्याच्या पश्चिम भागात, तसेच पलीकडे झाबुआकडे, तडवी म्हणजे गावाचा प्रमुख. तंटा मिटवायला बसणारा, गावाच्या वतीने बाहेरच्यांशी बोलणारा माणूस. धडगावचा शिक्षक म्हणतो, ‘आजाच्या वेळी गावात तडवी एकच असायचा. लोक त्याला तडवी म्हणायचे, तो स्वतःला म्हणायचा नाही.’ मग शाळा आली. मास्तरांनी आडनाव विचारले, मुलाला ते सांगता आले नाही, तेव्हा बापाचा मान पटावर आडनाव म्हणून चढला. पुढे त्या घरातला प्रत्येकजण तडवी झाला. आपल्या वाचकांना हे नवीन वाटू नये. आयुष्यात एकही निकाह न लावलेले काझी आणि गुंठाभर इनाम नसलेले इनामदार आपल्या ओळखीत कमी नाहीत.

यावल, रावेर, चोपडा या बाजूला मात्र याच शब्दाने वेगळी वाट धरली. तेथे तडवी हे एका समाजाचे नाव झाले. इस्लाम स्वीकारलेले भिल्ल, अशी त्याची ओळख आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने या समाजाच्या उगमाचा संबंध औरंगजेबाच्या काळाशी जोडला आहे. म्हणजे एकीकडे हुद्द्याचे आडनाव झाले, तर दुसरीकडे त्याच शब्दाने एक पूर्ण जमात ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीखाली ‘तडवी भिल्ल’ असा स्वतंत्र उल्लेख आहे. कारकुनाच्या डोक्यात ही नोंद अर्धीच शिरलेली असते. म्हणून त्याला तडवी म्हटले की मुसलमान आठवतो आणि मुसलमान म्हटले की भिल्ल आठवत नाही.

कथेतील सर्वांत उत्तम प्रसंग मधोमध येतो. भांडण झालेले असतानाही यावलचा तडवी मित्राच्या गावी जातो. मित्राची म्हातारी आई त्याला विचारते, ‘तू कोणत्या गावचा तडवी?’ तो म्हणतो, ‘गावाचा नाही, मी नुसता तडवी.’ म्हातारी हसते. ‘गाव नाही तर तडवी कसला?’ आणि त्याच्यापुढे भाकरी सरकवते. येथे कोणी व्युत्पत्ती सांगत नाही. तरीही तीन पिढ्यांतला फरक एका प्रश्नात उभा राहतो. म्हातारीच्या तोंडी तो शब्द अजून काम आहे, मुलाच्या तोंडी आडनाव आणि पाहुण्याच्या तोंडी समाज. तिचे हसणे निर्मळ आहे, पण पाहुण्याला ते लागते. त्याच्या घरात त्या शब्दाशिवाय दुसरी ओळखच नाही. हे लागणे लेखकाने एका ओळीत उरकले. तिथे त्याने थांबायला हवे होते.

त्याऐवजी तो शेवटची दोन पाने एका निवृत्त अधिकाऱ्याला देतो. हे गृहस्थ दोन्ही मित्रांना बसवून कायदा समजावतात. ते सांगतात ते खरे आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. त्यात पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र अशी अट नाही. म्हणून तडवी भिल्ल मुसलमान असला तरी जमातीतून बाहेर पडत नाही. धर्मांतरितांना यादीतून वगळा अशी मागणी अधूनमधून जोराने होते, त्यामुळे हे आपल्या वाचकांना माहीत असणे जरुरीचे आहे. पण कथेत ते निकालपत्रासारखे वाचले जाते आणि दोघे मित्र मान डोलावून हातात हात घेतात. ज्या भांडणात इतका जीव होता ते यादी ऐकून मिटेल, यावर माझा विश्वास बसत नाही. दाखला मिळाला तरी म्हातारीचा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. सबंध कथा नकळत असे मानते की, जुना अर्थ खरा आणि नंतरचे अर्थ बिघडलेले. अधिकारीही ‘मूळ शब्द गावप्रमुखाचा’ असे सांगून धडगावच्या बाजूला झुकतात. मूळ अर्थ हा फक्त पहिला अर्थ असतो, मालक नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी या नावाने जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, सोयरिकी जुळवल्या, कब्रस्तानात माणसे पुरली, त्यांचा अर्थही तितकाच कमावलेला आहे. पडताळणीच्या वेळी आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गाव नमुना १४ ची नक्कल शोधत फिरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. यावलचा तडवी चिडला की लेखक त्याच्या तोंडी ‘अरे भाई, क्या बात करते हो’ असली हिंदी घालतो. मराठी कथेतला मुसलमान असाच बोलतो, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करत आलो. आता आपल्यातलाच लेखक तेच करतो याचे वाईट वाटते. त्या भागातल्या तडवी घरांतली बोली खानदेशी वळणाची आहे. तो त्या बोलीत चिडला असता, तर एस.टी.तल्या कोणाही प्रवाशाला हे दोन भिल्ल भांडत आहेत एवढेच कळले असते. कारकुनाच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर कथेत दुसरे नव्हते.

शेवटची दोन पाने काढून टाकावीत आणि कथा भाकरीपाशी संपवावी, असे मी लेखकाला कळवले आहे. दोघे मित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरीपटावर एकाखाली एक सही करतील, रागात का होईना. त्यापलीकडचा समेट कथेला झेपणारा नाही, आणि तिला त्याची गरजही नाही.