क्रियापद नसलेला निरोप

'पांढरे सोने : काल, आज आणि उद्या'. निरोप एवढाच. नंबर अनोळखी, नमस्कार नाही, नाव नाही, गावही नाही. यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्याला निबंधाच्या दिवसांत असे निरोप येतात. हा मात्र मला एखाद्या कवितेसारखा सावकाश वाचावासा वाटला. त्यातलं शीर्षक पुरं आहे, पण निरोप अपुरा आहे. 'लिहून द्या' की 'समजावून सांगा', हे ठरवणारं क्रियापदच त्यात नाही.

आधी त्याची लिहिण्याची रीत पाहू. आमच्याकडे बोलताना 'पांढरं सोनं' म्हणतात. इथं पुस्तकी 'पांढरे सोने' आहे. अपूर्णविराम जागच्या जागी, स्वल्पविरामही. मोबाइलवर घाईत टंकणारं पोर एवढी विरामचिन्हं पाळत नाही. म्हणजे हे फळ्यावरून किंवा सूचनेच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं आहे. शीर्षक दुसऱ्या कुणी दिलं, याने फक्त ते पाठवलं, आणि त्यात काना-मात्रेचाही बदल होऊ नये याची काळजी घेतली. यावरून वाटतं की त्याला निबंध लिहून हवा आहे.

पण जे आलेलं नाही तेही वाचायला हवं. ज्याला तयार निबंध हवा असतो तो शब्दमर्यादा सांगतो आणि 'उद्या द्यायचा आहे' असंही कळवतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखनाच्या प्रश्नाला बहुधा मुद्दे दिलेले असतात. इथं तेही नाहीत. ज्याला सुरुवात कुठून करावी हेच उमगलेलं नसतं, तो नुसतं शीर्षक पुढं करतो. माझा कौल हळूहळू 'समजावून सांगा'कडे झुकला, तो या रिकामपणामुळे.

आता शीर्षकाची घडण. 'काल, आज आणि उद्या' हा निबंधाचा जुना सांगाडा आहे, तीन परिच्छेद आयते मिळतात. अवघड आहे तो अपूर्णविरामाच्या अलीकडचा भाग. तिथं प्रश्नचिन्ह नाही. कापूस हे सोनं आहे, हे शीर्षकानं गृहीतच धरलं आहे, आणि तिन्ही काळांवर ते लादलं आहे. 'काल'ला ते बरंचसं पेलतं. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी यवतमाळहून मूर्तिजापूरला अरुंद मार्गाची शकुंतला धावू लागली. 1972 पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. 'आज'ला मात्र ते पेलत नाही. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, आणि गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला 7,521 रुपये क्विंटल हमीभाव होता, पण व्यापाऱ्याचा भाव बराच काळ त्याच्या खाली राहिला.

ज्याच्या घरी कापूस आहे, ते पोर या शीर्षकापुढं अडणारच. घरात ऐकतो ते लिहावं तर शीर्षक खोटं पडतं. शीर्षकाला मान द्यावा तर घर खोटं पडतं. निरोपात क्रियापद का नाही, याचं माझ्या मते हेच कारण. काय मागायचं हे त्याचं त्यालाच ठरलेलं नव्हतं.

अशा निरोपाला दोन उत्तरं पटकन सुचतात, आणि दोन्ही चुकतात. अख्खा निबंध पाठवला तर तो वहीत उतरतो, अडचण तशीच राहते. 'नेमकं काय हवं?' एवढंच विचारलं तर लाजाळू पोर पुन्हा लिहीतच नाही. म्हणून उत्तर दोन्हीकडे उपयोगी पडेल असं हवं आणि प्रश्न शेवटी हवा. मी लिहिलं : "कापसाच्या पैशावर घरं उभी राहिली, म्हणून त्याला सोनं म्हटलं. 'काल'मध्ये ते दिवस सांग. 'आज'मध्ये तुझ्या घरी वेचणीला किती मजुरी गेली आणि भाव काय मिळाला ते लिही. 'उद्या'मध्ये काय बदलायला हवं ते लिही. जसं की फरदड न ठेवता पऱ्हाटी वेळेत उपटली, तर बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळत नाही. सोनं हा शब्द पटला नाही तर तसंही लिहिता येतं, फक्त कारण द्यायचं. आता सांग, लिहायला बसतोस की आधी काही विचारायचं आहे?"

उत्तर रात्री आलं. "सर, मजुरी किलोवर देतो आम्ही. शीर्षकात सोनं हाय, अन् मी नाही म्हटलं, तं गुण कापतात का?"

क्रियापदं आली होती, आणि खरा प्रश्नही. मी कळवलं, की मजुरीचा आणि भावाचा हिशेब मांडलास तर 'नाही' म्हणायचं कारण त्यातच येतं. कारण दिलेल्या मताचे गुण कापायचे नसतात. निबंध 'आज'पासून सुरू कर, 'काल' मागाहून आला तरी चालतो.