भक्तिपर लघुचित्रफितींचे संकलन : छंद, ठेका आणि दृश्याची लय

भ्रमणध्वनीच्या उभ्या पडद्यावर एक मिनिटात पाहून होणारी भक्तिपर लघुचित्रफीत हा २०२० नंतर फोफावलेला दृश्यप्रकार आहे. अभंगाचे एखादे कडवे, मूर्तीची काही दृश्ये, समईची ज्योत, टाळकऱ्यांचे हात एवढीच बहुधा तिची सामग्री असते. ही सामग्री शांत असूनही तयार झालेली चित्रफीत मात्र पुष्कळदा अस्वस्थ वाटते. या विसंगतीचे मूळ संकलनात शोधावे लागते. दृश्यखंड लांब ठेवले की शांतता येते, अशी एक समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. दृश्य किती वेळ टिकते याइतकेच ते कोठे तुटते यालाही महत्त्व आहे, आणि अभंगाच्या बाबतीत ही जागा छंदानेच बऱ्याच अंशी ठरवून दिलेली असते.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटाची चर्चा करताना गीता कपूर यांनी प्रतिमेच्या सन्मुखतेकडे लक्ष वेधले होते. दर्शन म्हणजे केवळ मूर्ती पाहणे नव्हे. पाहणारा आणि प्रतिमा समोरासमोर येणे त्यात अभिप्रेत असते. त्याला अवधी लागतो. मूर्तीचे मुख दोन सेकंद दिसून नाहीसे झाले, तर प्रेक्षकाला मूर्ती कोणती एवढी ओळख पटते, पण दर्शन घडत नाही. संकलनाचा प्रश्न येथून सुरू होतो.

देवद्वार छंदातील एक कडवे उदाहरणादाखल घेता येईल. त्याचे पहिले तीन चरण प्रत्येकी सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंती यमक असते. हे कडवे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात, मिनिटाला ६४ मात्रा या संथ लयीत गायिले आहे असे समजू. एक आवर्तन साडेसात सेकंदांचे होते आणि साठ सेकंदांत बरोबर आठ आवर्तने बसतात. पहिले आवर्तन केवळ वीणा व टाळ यांचे. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत एकेक चरण. सहावे पुन्हा शब्दरहित. सातव्या-आठव्यात पहिल्या दोन चरणांची पुनरावृत्ती, अशी त्याची मांडणी होऊ शकते.

या मांडणीवर पाच दृश्यखंड पुरतात. पहिल्या दोन आवर्तनांत पहाटेचा सभामंडप दिसतो आणि पहिला चरण त्याच दृश्यावर संपतो. दुसऱ्या चरणाला टाळकऱ्याचे हात येतात. तिसऱ्या व चौथ्या चरणांवर मूर्तीचे मुख पंधरा सेकंद स्थिर राहते. शब्दरहित आवर्तनाला समईची ज्योत आणि शेवटच्या दोन आवर्तनांना पुन्हा सभामंडप. या योजनेतील दोन निर्णय विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. दुसऱ्या चरणाच्या शेवटी कानाला यमकाचे पहिले टोक मिळते व दुसऱ्याची अपेक्षा निर्माण होते. नेमके तेथे मूर्ती येते, आणि यमक पूर्ण होते ते तिच्या मुखावर. उलटपक्षी तिसऱ्या व चौथ्या चरणांच्या मध्ये तोड घेतलेली नाही. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा असल्याने गायक त्याचे अंत्याक्षर लांबवतो आणि कडव्याचा अर्थ त्या विस्तारात निवतो. तेथे दृश्य बदलले तर डोळा नव्या प्रतिमेत गुंततो आणि कानाला ती विश्रांती मिळत नाही.

तोड समेवर घ्यावी की नाही, हा पुढचा प्रश्न. ठेक्याच्या प्रत्येक आघातावर दृश्य बदलण्याची सोय आजच्या संकलन-उपकरणांत सहज उपलब्ध आहे, आणि चटपटीत फितींचा तोच प्राण असतो. परंतु समेवर टाळेचा ठोका असताना त्याच क्षणी दृश्यही बदलले की एकाच क्षणाला दुहेरी आघात होतो. दोन-तीन वेळा असे घडले की प्रेक्षक पुढच्या बदलाची वाट पाहू लागतो आणि त्याचे लक्ष प्रतिमेवरून तोडीकडे वळते. चरण संपल्यावर गायक श्वास घेतो ती जागा समेच्या किंचित अलीकडे असते. येथे एक मात्रा सुमारे २८ चौकटींची आहे (सेकंदाला ३० चौकटी धरून). तोड अर्धी मात्रा, म्हणजे सुमारे १४ चौकटी, आधी घेतल्यास सम येईपर्यंत डोळा नव्या दृश्यात स्थिरावलेला असतो. पहिला खंड तेवढ्याने आखूड होतो व शेवटचा तेवढ्याने लांबतो. मधले खंड तसेच राहतात.

संक्रमणांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डिझॉल्व्ह सौम्य असतो म्हणून तो शांत असतो, असे मानले जाते. चित्रपटाच्या भाषेत मात्र त्याला काळ लोटल्याचा अर्थ चिकटलेला आहे. शिवाय मूर्तीच्या मुखावर ज्योत विरघळत असताना एक-दोन सेकंद दोन्ही प्रतिमा अर्धवट दिसतात. सन्मुखता तेथेच ढासळते. साधा कट अधिक प्रामाणिक ठरतो. डिझॉल्व्हचा मोह बहुधा चित्रीकरणातील उणीव झाकण्यासाठी होतो. मूर्तीचे दोन शॉट जवळजवळ सारख्याच अंतरावरून व कोनातून घेतलेले असतील, तर त्यांच्यातील कट उडी मारल्यासारखा दिसतो. अशा वेळी दोन्ही शॉट विरघळवून जोडण्यापेक्षा मध्ये हातांचा किंवा ज्योतीचा एक स्वतंत्र खंड ठेवणे, अथवा एकच शॉट पुरवून वापरणे योग्य. कट टोचतो त्याचे आणखी एक कारण दृष्टिबिंदूत असते. हातांचे दृश्य पडद्याच्या तळाशी आणि मूर्तीचे डोळे वरच्या तिसऱ्या भागात असतील, तर प्रत्येक तोडीला नजरेला धाव घ्यावी लागते. खंड कितीही लांब असला तरी हा थकवा जाणवतो.

वॉल्टर मर्च यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात तोडीच्या निकषांची उतरंड मांडताना भावनेला ५१ टक्के, तर लयीला १० टक्के महत्त्व दिले आहे. भक्तिपर फितीत मात्र हे दोन निकष इतके वेगळे काढता येत नाहीत, कारण येथे भाव बव्हंशी छंदाच्या लयीतूनच पोहोचतो. आवाज बंद करून फीत पाहिली असता दृश्ये निर्हेतुक वाटली, तर ती बिघडली असे लगेच म्हणता येणार नाही. डोळे मिटून ऐकताना ज्या जागी मन विसावते, तेथेच डोळे उघडून पाहताना तोड आडवी येते का, ही कसोटी अधिक खरी.

एक तोड संकलकाच्या नजरेतून हमखास सुटते. अशी फीत संपताच बहुधा आपोआप पुन्हा सुरू होते. त्यामुळे शेवट आणि आरंभ यांचा सांधा हीदेखील एक तोडच असते, आणि ती समेवरच पडते. शेवटी दृश्य काळोखात विरवले, तर काळोखातून एकदम उजेडात येण्याने डोळ्यांना झटका बसतो. आठ आवर्तने पूर्ण ठेवून शेवटी सभामंडपाचे तेच, त्याच उजेडाचे दृश्य आणले की हा सांधा नामाच्या पुनरावृत्तीसारखा सहज होतो.

या पद्धतीला अर्थातच मर्यादा आहेत. गजराची लय द्रुत होत जाते. तेथे आवर्तनागणिक तोडी घेतल्या तर त्या दाटत जातात. अशा ठिकाणी गती दृश्याच्या आत, नाचणाऱ्या पायांत आणि हलणाऱ्या पताकांत असते, म्हणून खंड लांबवणे इष्ट ठरते. तसेच निश्चित ठेका नसलेल्या ओवीगायनाला मात्रांचे गणित लागू पडत नाही. तेथे चरणान्तीचा श्वास हाच एकमेव आधार उरतो.